खोडव्याचा खर्च कुणाच्या नावे?

31 मार्चला श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, नेवासा या पट्ट्यात कुठेही उभे राहा, समोर ऊस दिसतो. जुलैत लावलेली आडसाली लागण तेव्हा नऊ महिन्यांची असते, कांड्यावर आलेली, माणूस शिरला तर दिसणार नाही इतकी उंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी पाच महिन्यांची, जानेवारीतला सुरू ऊस गुडघ्याएवढा, आणि शेजारी नुकताच तुटून गेलेल्या उसाचा खोडवा पाचटातून हिरवे कोंब काढत असतो. निसर्गाच्या लेखी त्या दिवशी काहीच संपलेले नसते. कायद्याच्या लेखी मात्र वर्ष संपलेले असते, आणि ज्याला वह्या लिहायच्या आहेत त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो की या उभ्या पिकावर झालेला खर्च गेला म्हणायचा की आहे म्हणायचा?

जमाखर्चाच्या शास्त्राने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. पीक उभे आहे तोवर त्यावरचा खर्च हा खर्च नाही, ती मालमत्ता आहे. कारखान्यात अर्धवट तयार झालेला माल जसा ‘प्रगतिपथावरील काम’ म्हणून ताळेबंदात दाखवतात, तसाच उभा ऊस दाखवायचा. तोड झाली की ते खाते बंद करून रक्कम मालसाठ्यात न्यायची, आणि माल विकला की साठ्यातून नफा-तोटा पत्रकात. एका ओळीत सांगता येण्यासारखा हा नियम. पण ऊस एकदा लावून दोनदा, कधी तीनदा कापला जातो. तिथे ही ओळ पुरत नाही, आणि हा लेख त्या न पुरण्याबद्दल आहे.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न कागदावरचा कधीच नव्हता. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेचे कालवे बारमाही वाहू लागले. त्या सुमारास आणि नंतर खासगी साखर कंपन्या इथे आल्या. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरला डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स, साकरवाडी आणि लक्ष्मीवाडीला सोमय्यांचे गोदावरी कारखाने, पुणतांब्याजवळचे चांगदेवनगर. या कंपन्या नुसत्या साखर काढत नव्हत्या, ऊसही स्वतः पिकवत होत्या. त्यासाठी त्यांनी गावोगावच्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. ‘खंडकरी’ हा शब्द आणि त्यामागचा लढा तिथून सुरू झाला. म्हणजे एकाच कंपनीच्या वहीत एका बाजूला साखरेचे पोते आणि दुसऱ्या बाजूला हजारो एकर उभा ऊस अशी स्थिती होती. उभ्या पिकाचे खाते नीट ठेवल्याशिवाय अशा कंपनीचा नफा सांगताच येत नाही.

1950च्या अखेरीस लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि हे खाते जागा सोडून गेले. सहकारी कारखाना ऊस पिकवत नाही, सभासद पिकवतो. कारखान्याच्या ताळेबंदात साखर असते, मळी असते, प्रक्रियेतला अर्धवट माल असतो. उभा ऊस नसतो. लागणीपासून तोडीपर्यंतचे सतरा महिने जो पैसा जमिनीत अडकतो तो सभासदाचा, आणि सभासदाकडे बहुतेक वेळा वही नसते. पुढे 1961च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी कंपन्यांच्या जमिनीही गेल्या. कारखान्यांचा ऊसपुरवठा तुटू नये म्हणून त्या जमिनी एकसंध ठेवायची तरतूद त्याच कायद्याच्या कलम 28 मध्ये होती, आणि 1963 मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. उभ्या उसाचे खाते हरेगाव आणि टिळकनगरच्या मळ्यांबरोबर महामंडळाकडे गेले. 2012नंतर जमिनी खंडकऱ्यांना परत मिळू लागल्या, तेव्हा ते पुन्हा विखुरले. हे खाते ज्याच्या वहीत, पीक हाती येईपर्यंतची जोखीम त्याच्या डोक्यावर. म्हणून मला ते नुसत्या हिशेबनिसांचे प्रकरण वाटत नाही.

आता एक प्लॉट घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. ज्याच्या त्याच्या रानाप्रमाणे ते बदलतील, पण त्यांचे आपसातले प्रमाण साधारण असेच राहते. दहा एकर मध्यम काळी जमीन, ठिबक आहे, को 86032 हे वाण. जुलै 2024च्या आरंभी आडसाली लागण केली आणि नोव्हेंबर 2025च्या अखेरीस तोड झाली. बरोबर सतरा महिने. त्यानंतर एक खोडवा घ्यायचा आणि नोव्हेंबर 2026मध्ये तो तुटला की रान मोडायचे, असा बेत.

31 मार्च 2025पर्यंत या प्लॉटवर एकरी 58 हजार रुपये खर्च झाले. त्यातले 22 हजार अगदी सुरुवातीचे: नांगरट, रोटाव्हेटर, सरी पाडणे, बेणे, बेणेप्रक्रिया आणि लागणीची मजुरी. उरलेले 36 हजार शेणखत, रासायनिक खत, तणनाशक, खुरपणी, बाळबांधणी, मोठी बांधणी, पाणीपट्टी, वीज आणि देखरेखीचा वाटा. एवढा खर्च पहिल्या नऊ महिन्यांतच का होतो, हे उसाच्या शरीरावरून कळते. आडसालीला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची आहे आणि ते चार हप्त्यांत द्यायचे असते: लागणीला, मग सहा ते आठ आठवड्यांनी, मग तीन-चार महिन्यांनी, आणि शेवटचा मोठा हप्ता मोठ्या बांधणीच्या वेळी. बांधणी झाली की खताचे काम जवळजवळ संपले. त्यानंतर उसाला लागते ते पाणी आणि वेळ. म्हणून एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत एकरी फक्त 17 हजार लागले. पाणी, पाचट काढणे, हुमणीचा बंदोबस्त, एवढेच.

दहा एकरांचे मिळून पहिल्या वर्षी 5 लाख 80 हजार, दुसऱ्या वर्षी तोडीपर्यंत 1 लाख 70 हजार, एकूण साडेसात लाख.

उभ्या पिकाचे खाते ठेवलेच नाही तर काय दिसेल ते पाहा. मार्च 2025च्या वर्षात 5 लाख 80 हजारांचा तोटा. पुढच्या वर्षात उसाचे सगळे बिल जमा, समोर थोडासा खर्च, आणि नफा अकरा लाखांच्या पुढे. एकाच रानाने एका वर्षी मालकाला बुडवले आणि दुसऱ्या वर्षी तारले असे वही सांगेल, आणि दोन्ही वेळा खोटे सांगेल. बँकेने पहिल्या वर्षाचा ताळेबंद पाहिला तर कर्ज देणार नाही. दुसऱ्या वर्षाचा पाहिला तर गरजेपेक्षा जास्त देईल.

म्हणून 5 लाख 80 हजार ताळेबंदात न्यायचे. इथवर कुणाचा वाद नाही. वाद आहे तो त्यातल्या 2 लाख 20 हजारांवरून.

राहात्याच्या बाजूला शेतीचे हिशेब लिहिणारे एक जुने दिवाणजी आहेत. त्यांच्याशी बोलताना मी खोडव्याचा विषय काढला, तर ते म्हणाले, “अहो, खोडवा म्हणजे फुकटचं पीक असं सगळे म्हणतात ना, ते वहीमुळे म्हणतात. लागणीचा खर्च लागणीच्या उसावर घालून मोकळे होतात. मग खोडवा फुकटच दिसणार.” त्यांच्या सांगण्यात सगळा मुद्दा आला.

नांगरट, सरी, बेणे, लागण हे चार खर्च एकदाच होतात आणि त्यातून जमिनीखाली खोड तयार होते. त्या खोडातून पहिल्यांदा लागणीचा ऊस येतो, दुसऱ्यांदा खोडवा, तिसऱ्यांदा निडवा. मग हा खर्च एकट्या पहिल्या पिकावर टाकणे म्हणजे विहीर खोदल्याचा सगळा खर्च पहिल्या पाळीच्या पाण्यावर टाकण्यासारखे आहे. खोड ही वेगळी मालमत्ता आहे आणि त्यावर उभा असलेला ऊस वेगळा. 2016मध्ये सुधारलेल्या लेखा मानक 10मध्ये आणि मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस 16मध्ये हा फरक स्पष्ट केला आहे. जी वनस्पती एकापेक्षा जास्त हंगाम उत्पन्न देते आणि स्वतः शेतमाल म्हणून विकली जाण्याची शक्यता जवळजवळ नाही, तिला यंत्रासारखे समजायचे, तिचा खर्च भांडवली धरायचा आणि तिच्या आयुष्यभर घसारा काढायचा. डाळिंबाचे झाड, द्राक्षाचा वेल, चहाचे झुडूप ही सरळ उदाहरणे. उसाचे खोडही त्याच जातीचे, फक्त त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे आणि ते मातीखाली असल्यामुळे डोळ्यांत भरत नाही.

आता आपल्या प्लॉटवर परत येऊ. खोडाचे 2 लाख 20 हजार. दोन पिके घ्यायची म्हणून प्रत्येकाला 1 लाख 10 हजार. लागणीच्या सतरा महिन्यांपैकी नऊ महिने मार्च 2025पर्यंत गेले, म्हणजे त्या वाट्यातले सुमारे 58 हजार त्या तारखेपर्यंत खोडातून निघून उभ्या उसात गेले. ताळेबंदात दोन ओळी दिसतील: ऊस खोड, 1 लाख 62 हजार, आणि उभे पीक, 3 लाख 60 हजार अधिक 58 हजार, म्हणजे 4 लाख 18 हजार. बेरीज तीच 5 लाख 80 हजार. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, पण त्याचा अर्थ बदलला. घसारा इथे नफा-तोट्यात जात नाही, तो पिकाच्या खर्चात मुरतो, हे लक्षात ठेवायचे.

तोडीच्या दिवशी लागणीच्या पिकाच्या खात्यात किती जमले? मशागतीचे आणि लागणीचे 2 लाख 20 हजार वगळून 5 लाख 30 हजार, अधिक खोडाचा वाटा 1 लाख 10 हजार. एकूण 6 लाख 40 हजार. ऊस निघाला एकरी 55 टन, म्हणजे 550 टन. तोडीच्या आधीपर्यंतचा खर्च टनाला 1164 रुपये. पुढच्या वर्षी खोडव्यावर एकरी 35 हजार खर्च झाले. पाचट कुट्टी, बुडखे छाटणे, नांग्या भरणे, पहारीने खत, पाणी. दहा एकरांचे साडेतीन लाख, अधिक खोडाचा उरलेला 1 लाख 10 हजार, एकूण 4 लाख 60 हजार. उत्पादन एकरी 40 टन, म्हणजे 400 टन. टनाला 1150 रुपये.

हे दोन आकडे शेजारी ठेवा: 1164 आणि 1150. आता दिवाणजी ज्याबद्दल बोलत होते त्या पद्धतीने पाहा, लागणीचा सगळा खर्च पहिल्या उसावर टाकून. लागणीचा ऊस टनाला 1364, खोडवा टनाला 875. जवळजवळ पाचशे रुपयांचा फरक, आणि तो शेतात कुठेच नाही, फक्त वहीत आहे.

भाव घालून पाहिले तर चित्र आणखी स्वच्छ होते. 2025-26च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला टनी 3550 रुपये आहे. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो आणि तो खर्च बिलातून वजा करतो. तो आपण टनी 900 धरू. हातात येतात 2650. दोन्ही पिकांना हाच भाव धरला तर लागणीतून खर्च जाऊन 8 लाख 17 हजार उरतात, खोडव्यातून 6 लाख. पण लागणीने रान सतरा महिने अडवले, खोडव्याने बारा. महिन्याला भागले तर लागण 48 हजार, खोडवा 50 हजार. जवळजवळ बरोबरी. न वाटलेल्या हिशेबात मात्र लागण महिन्याला 42 हजारांच्या आत आणि खोडवा 59 हजारांच्या पुढे दिसतो. तेवढ्या फरकावर विसंबून माणूस खोडवा-निडवा घेत राहतो आणि उत्पादन घसरत जाते.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. हा हिशेब पिकाने काय दिले ते मोजण्यासाठी आहे. लागण तुटली, खोड जमिनीत आहे, आता खोडवा ठेवू की रान मोडू, असा प्रश्न असेल तेव्हा खोडाचे 1 लाख 10 हजार विचारात घ्यायचे नाहीत. ते खर्च होऊन गेले आहेत, रान मोडले तरी परत येणार नाहीत. तेव्हा फक्त पुढे लागणारा पैसा आणि पुढे येणारा ऊस पाहायचा, आणि त्या जागी दुसरे पीक घेतले तर काय मिळेल तेही. वाटलेला खर्च मागे वळून पाहण्यासाठी असतो. पुढे पाहण्यासाठी तो वापरला की उलट चूक होते.

तोडीचा क्षण हिशेबात फार महत्त्वाचा आणि शेतात फार छोटा. कोयता बुंध्याला लागला की उभे पीक संपले आणि शेतमाल झाला. त्या दिवशी उभ्या पिकाचे खाते जमा आणि तोडलेल्या उसाच्या साठ्याचे खाते नावे करायचे. पण ऊस म्हणजे गहू नव्हे, कोठारात बसणारा. तोडल्यापासून त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटू लागते, आणि चोवीस तासांत गाळला तर उत्तम. म्हणून ज्याचा ऊस कारखान्याला जातो त्याच्या वहीत साठा सकाळी येतो आणि संध्याकाळी काट्यावरून विक्रीत जातो. बऱ्याच वह्यांमध्ये मधली पायरी गाळूनच टाकतात आणि वर्षाच्या मध्ये काही बिघडत नाही. बिघडते ते 31 मार्चच्या मध्यरात्री, जेव्हा हंगाम लांबलेला असतो, अर्धा प्लॉट तुटलेला असतो, काही बैलगाड्या कारखान्याच्या आवारात रांगेत असतात आणि काही ऊस गव्हाणीत पडलेला असतो. काटा झाला तो विकला गेला. काटा न झालेला तुटलेला ऊस साठा. उभा आहे तो उभे पीक. तिघांचा खर्च तोडलेल्या क्षेत्राच्या प्रमाणात वाटायचा, आणि त्यासाठी त्या दिवशी शेतात जाऊन किती सऱ्या राहिल्या ते मोजावे लागते.

बेण्याची गोष्ट याच तोडीतली, पण तिला उलटे वळण आहे. नऊ ते अकरा महिन्यांचा ऊस बेण्याला चांगला. स्वतःच्या बेणेमळ्यातून ऊस कापून स्वतःच्याच नव्या प्लॉटवर लावला तर तो विकला गेलेला नसतो, पण तुटलेला असतो. त्याचा खर्च जुन्या प्लॉटच्या उभ्या पिकातून साठ्यात येतो आणि साठ्यातून नव्या प्लॉटच्या खोडात जातो. पैसे कुणी दिले नाहीत म्हणून हे वहीत लिहायचे राहते. मग जुना प्लॉट महाग दिसतो, नवा स्वस्त, आणि नव्या प्लॉटचा खोडवा आणखी स्वस्त.

ज्यांच्याकडे स्वतःचा मळा आणि स्वतःचा कारखाना दोन्ही, अशा जुन्या कंपन्यांपुढे आणखी एक प्रश्न होता. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त, साखरेचे करपात्र. मग मळ्यावरून कारखान्यात गेलेल्या उसाचा भाव कोणता? आयकर नियमावली 1962चा नियम 7 सांगत होता की स्वतः पिकवलेला आणि स्वतःच्या धंद्यात कच्चा माल म्हणून वापरलेला शेतमाल बाजारभावाने धरायचा, आणि पिकवण्याचा खर्च धंद्यातून पुन्हा वजा करायचा नाही. बाजारात तो माल कच्च्या स्वरूपात विकला जात नसेल तर लागवडीचा खर्च, जमिनीचा खंड किंवा सारा आणि वाजवी नफा एवढी किंमत. म्हणजे ताळेबंदासाठी खर्चाने नेलेला ऊस कराच्या हिशेबात दुसऱ्या किमतीने धरावा लागतो. दोन्ही आकडे खरे, फक्त प्रश्न वेगवेगळे.

मोठ्या कंपन्यांना लागू असलेले इंड एएस 41 तर याहून पुढे जाते. त्यात उभा ऊस खर्चाने दाखवायचाच नाही, त्याची रास्त किंमत काढायची, त्यातून विक्रीचा खर्च वजा करायचा आणि वाढलेली किंमत त्या वर्षाच्या नफ्यात घ्यायची. खोड मात्र तिथेही यंत्रासारखे खर्चानेच. माझे मत सांगायचे तर उसाच्या छोट्या-मध्यम हिशेबांना खर्चाची पद्धतच बरी. रास्त किंमत काढायला एकरी उतारा, तोडीची तारीख, साखरेचा उतारा आणि तोडणी-वाहतुकीचा दर असे चार अंदाज लागतात. मार्चमध्ये यातला एकही हातात नसतो, आणि शेतकऱ्याला अजून न मिळालेला नफा वहीत आधीच दिसू लागतो.

पण खर्चाची पद्धत म्हणजे खर्च होईल तेवढा ताळेबंदात साठवत जाणे असाही अर्थ नाही. वर एक छत असते. उभ्या पिकातून शेवटी जेवढे निव्वळ मिळेल, त्यातून पीक पूर्ण करायला लागणारा पुढचा खर्च वजा करून जे राहील, त्याहून जास्त रक्कम दाखवता येत नाही. चांगल्या वर्षात हे छत इतके उंच असते की कुणाचे डोके लागत नाही. पण या जिल्ह्याने 2012-13, 2015-16 आणि 2018-19 ही दुष्काळी वर्षे पाहिली आहेत. उभा ऊस चारा छावण्यांत जाताना पाहिला आहे. आपल्याच प्लॉटवर मार्चमध्ये विहिरीने तळ गाठला असे धरा. एकरी 55ऐवजी 15 टनच निघतील असे दिसते. 150 टनांचे निव्वळ येतील 3 लाख 97 हजार. तोडीपर्यंत जगवायला 1 लाख 70 हजार लागणार. उरले 2 लाख 27 हजार. खात्यात मात्र 4 लाख 18 हजार आहेत. वरचे 1 लाख 91 हजार त्याच वर्षी तोट्यात टाकावे लागतात, पुढच्या नोव्हेंबरची वाट न पाहता. आणि खोड जगणार नसेल तर त्याचे 1 लाख 62 हजारही तपासावे लागतात. दुष्काळी ताळेबंदात उभे पीक नेहमीइतकेच दिसत असेल तर समजावे की छत पाहिलेच नाही.

वणवा लागून जळालेला ऊस हा याचाच धाकटा भाऊ. जळीत ऊस ताबडतोब गाळावा लागतो आणि कारखाना बिलात कपात करतो. ती कपात त्या प्लॉटचा तोटा, बाकी प्लॉटांवर वाटायचा खर्च नव्हे. गारपिटीने, आगीने, बिबट्याच्या भीतीने मजूर न आल्याने जे असाधारण नुकसान झाले ते पिकाच्या खर्चात मुरवायचे नाही, वेगळे उघडे दाखवायचे, नाहीतर पुढच्या वर्षी टनाचा खर्च का वाढला हे कुणालाच कळत नाही.

वह्यांमध्ये सगळ्यात जास्त चूक कुठे होते, हे मी दिवाणजींना विचारले. त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितले, “तोड झालेला प्लॉट वहीत उभाच राहतो.” काट्याची पावती विक्रीच्या फायलीत जाते, प्लॉटचा खर्च दुसऱ्या वहीत असतो, आणि दोघांना जोडणारा प्लॉट नंबर कुणी लिहीत नाही. मग विक्री जमा होते पण खर्च उभ्या पिकातच राहतो, आणि ताळेबंद दरवर्षी फुगत जातो. ओळखायची खूण सोपी आहे: उभ्या पिकाची रक्कम उभ्या एकरांनी भागा. आपल्या हिशेबात आडसालीचा एकरी आकडा मार्चमध्ये 42 हजारांच्या आसपास यायला हवा आणि चार महिन्यांच्या खोडव्याचा त्याच्या निम्म्याहून कमी. तो 70-80 हजार दिसला तर त्यात तुटून गेलेला ऊस आहे. एकर मात्र वहीतून घ्यायचे नाहीत. सात-बाराच्या पीक पाहणीत काय नोंद आहे, कारखान्याकडे ऊस नोंद किती क्षेत्राची आहे आणि शेतात किती आहे, हे तिन्ही जुळवायचे. 2021पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर होऊ लागल्यामुळे निदान तारीख आणि गट नंबर तरी सापडतो.

डाळिंब-पेरूच्या बागांना मी इथे दोनच वाक्ये देणार, कारण त्यांचा प्रश्न उसापेक्षा सोपा आहे. झाड लावल्यापासून पहिला बहार धरेपर्यंतचा खर्च झाडात, पुढे त्याचा घसारा. आणि ताण देऊन पानगळ केल्यापासून फळ तुटेपर्यंतचा त्या बहाराचा खर्च उभ्या फळात, तोडीनंतर क्रेटमधल्या साठ्यात. तिथे झाड डोळ्यांसमोर उभे असते, त्यामुळे झाडाचा खर्च फळावर टाकायची चूक सहसा कुणी करत नाही.

उसाचे तसे नाही, आणि शेवटची गुंतागुंत तिथेच येते. आपल्या प्लॉटवर खोडवा तुटल्यावर रान मोडायचे ठरले होते, म्हणून खोडाचे आयुष्य दोन पिकांचे धरले. पण खोडवा चांगला आला, मजूर मिळेना, बेण्याचा भाव वाढला, आणि मालकाने निडवा ठेवला. आता खोडाच्या खात्यात शून्य आहे आणि जमिनीत जिवंत खोड आहे. मागचे हिशेब पुन्हा लिहायचे नाहीत. लागणीला आणि खोडव्याला टाकलेला घसारा त्या वेळच्या माहितीवर बरोबरच होता. निडव्याच्या खात्यावर खोडाचा काहीच बोजा येणार नाही आणि टनाचा खर्च कमी दिसेल. तसे वहीत टिपून ठेवायचे. आणि खोडवा तुटायच्या आधीच, समजा मार्च 2026मध्ये, निडवा ठेवायचे नक्की झाले असेल तर त्या दिवशी खोडात शिल्लक असलेले सुमारे 73 हजार पुढच्या दोन पिकांच्या राहिलेल्या महिन्यांवर नव्याने वाटायचे. म्हणून मार्चअखेरीस दिवाणजी मालकाला पहिला प्रश्न विचारतात तो पैशांचा नसतो. ते विचारतात, “पाटील, रान कधी मोडणार?”